आषाढीची पाण्याची वही

इंदुरात आमच्या वस्तीत एक जुनं विठ्ठल मंदिर आहे. आषाढीला मागच्या मैदानात यात्रा भरते, सकाळी दिंडी निघते आणि दिवसभर दर्शनाची रांग असते. आसपासच्या मराठी घरांखेरीज इतर वस्त्यांतलेही लोक येतात. २०२५ साली एकादशी ६ जुलैला, रविवारी आली, म्हणून समितीने दहा हजार माणसं धरली होती. पाणी, शौचालयं आणि आजारी माणसांची नोंद एवढं काम माझ्याकडे आलं. मी शिक्षणाने ना डॉक्टर ना इंजिनिअर. पुढच्या वर्षी हे काम ज्याच्या अंगावर पडेल त्याला चाचपडावं लागू नये म्हणून तारखांसह लिहून ठेवते आहे.

८ जूनच्या बैठकीत पाण्याचा विषय दोन मिनिटांत संपला. ‘दरवर्षी दोन टँकर येतात, तेवढे पुरे.’ पाणी कुठून येतं, हे कोणालाच सांगता आलं नाही. घरी येऊन मी हिशेब केला. माणूस चार-पाच तास थांबणार, दमट हवेत चालून आलेला, त्यात उपास. प्यायला दोन लिटर आणि हात धुवायला एक, म्हणजे दहा हजारांना तीस हजार लिटर. पाच हजार लिटरचे सहा टँकर लागणार होते. मागच्या वर्षी दोनच होते, म्हणजे बाकीचे लोक कुठलं पाणी प्यायले?

११ जूनला अर्ज दिले. एसडीएम, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांच्या, कार्यालयात यात्रेच्या परवानगीचा, ठाण्यात बंदोबस्ताचा, महापालिकेच्या झोन ऑफिसमध्ये फिरती शौचालयं आणि सफाईचा, सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात डॉक्टर आणि रुग्णवाहिकेचा. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझा एक अर्ज एका कार्यालयात हरवला. आवक क्रमांक असल्यामुळे तो दुसऱ्या दिवशी सापडला, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली असती. एकूण सात खेपा झाल्या आणि शेवटचं पत्र १ जुलैला हातात पडलं. त्या खेपांमध्ये एक गोष्ट मागून घ्या: वॉर्डातल्या एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका ताईंचा मोबाइल नंबर. त्याचा उपयोग पुढे कळेल.

पाण्याची खरी माहिती मला गल्लीतल्या एका काकांकडून मिळाली. आरोग्य खात्यात तीस वर्षं निरीक्षक होते, आता निवृत्त आहेत. त्यांना यात्रेचं काम सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘पावडर कुठली आहे?’ मंदिराच्या कोठीत ब्लिचिंग पावडरची उघडी गोणी होती, तोंड सुतळीने बांधलेलं. काकांनी मूठभर पावडर नाकाशी नेली आणि परत टाकली. ‘नाकाला झोंबत नाही. हिच्यातला क्लोरीन उडून गेलाय, बहुतेक चुनाच उरलाय.’ ताज्या पावडरमध्ये साधारण ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. ओल, ऊन आणि हवा लागली की तो महिन्या-महिन्याला कमी होत जातो, पण गोणीवरचा आकडा तोच राहतो. म्हणून छापील मात्रेवर विसंबू नकोस, बादलीत करून बघ, असं त्यांनी सांगितलं.

२९ जूनला आम्ही त्यांच्या अंगणात ते केलं. एक लिटर पाण्यात ३३ ग्रॅम पावडर कालवली आणि गाळ खाली बसू दिला. वरचं नितळ पाणी म्हणजे साधारण एक टक्क्याचं द्रावण. ज्या बोअरचं पाणी टँकरने येणार होतं त्याच पाण्याने वीस-वीस लिटरच्या चार प्लास्टिकच्या बादल्या भरल्या. सुई काढलेल्या सिरिंजने त्यांत अनुक्रमे २, ४, ६ आणि ८ मिलीलिटर द्रावण टाकलं, ढवळलं आणि अर्धा तास झाकून ठेवलं. अर्ध्या तासाने ओटीचे, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळा रंग क्लोरोस्कोप या तपासणी संचाच्या रंगपट्टीशी ताडून पाहिला. हा रंग थेंब टाकल्या टाकल्या वाचायचा असतो. थांबलं की तो गडद होत जातो आणि पाण्यात आहे त्याहून जास्त क्लोरीन दिसू लागतो.

जुन्या पावडरच्या पहिल्या दोन बादल्यांत रंगच आला नाही, आठ मिलीलिटरच्या बादलीत जेमतेम पिवळसर झाक आली. मग दुकानातून बंद डब्यातली नवी पावडर आणून सगळं पुन्हा केलं. दोन मिलीलिटरला काही नाही, चारला लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम, सहाला एक. म्हणजे टाकलेल्या क्लोरीनचा मोठा वाटा त्या पाण्यातली घाण आणि खनिजंच खाऊन टाकत होती. जंतू मारायला जो हवा तो त्यानंतर उरलेला. गोणीवरचा आकडा पाहून मात्रा ठरवली असती तर नेमकं हेच उरलेलं शून्य झालं असतं.

आम्ही सहा मिलीलिटरची मात्रा धरली. पाच हजार लिटर म्हणजे अशा अडीचशे बादल्या, म्हणून टँकरला दीड लिटर द्रावण, म्हणजे ५० ग्रॅम पावडर. सहा टँकरांना मिळून ३०० ग्रॅम. ती पावडर शंभर रुपयांतही बसली. टँकर मात्र सहाशेला एक पडला. तोटीशी अर्धा मिलिग्रॅम उरला तर उत्तम, ०.२ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं. जास्त का नाही टाकायचं, असं मी विचारलं. काका म्हणाले, ‘वास आला की लोक तोंड फिरवतात आणि शेजारच्या नळाला तोंड लावतात. मग तुझा क्लोरीन कोणाच्या कामाचा?’

मैदानात दोन हजार लिटरच्या चार काळ्या टाक्या होत्या. २ जुलैला त्या उघडल्या तर तळाला बोटभर गाळ निघाला. दोन मुलांनी आत उतरून, बाहेर एकाला उभं ठेवून, घासून धुतल्या. गाळ राहिला तर तोच क्लोरीन पिऊन टाकतो. त्याच दिवशी बोअरच्या पाण्याची एच-टू-एस कुपी भरली. ही छोटी बाटली असते. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं पडतं. ४ जुलैपर्यंत ती काळी पडली नाही. ही तपासणी यात्रेच्या आधीच करायची असते, हे मला तेव्हा लक्षात आलं. यात्रेच्या दिवशी भरलेली कुपी लोक घरी गेल्यावर उत्तर देते. त्या दिवशी हाताशी फक्त ओटीचा पिवळा रंग असतो.

दरवर्षी पाणपोईवर रांजण असायचे आणि लोक ओगराळं बुडवून पाणी घ्यायचे. ते बंद केलं. रांजणात शंभर हात बुडाले की कितीही क्लोरीन घातला तरी टिकत नाही. टाकीला चार, अशा सोळा तोट्या लावल्या आणि प्रत्येक टाकीवर मोठ्या अक्षरांत १ ते ४ आकडे रंगवले. तोट्यांखाली खडी आणि पाट काढून पाणी मागच्या गटारात वळवलं. समितीत दोघांना हा खर्च नको होता. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे माणसं गेली. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. मी एवढंच सांगितलं आणि खडीचे अठराशे रुपये मंजूर झाले.

शौचालयांचं थोडक्यात सांगते. सोळा मिळाली, त्यातली अकरा बायकांना दिली. टाक्यांपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला ठेवली. साबण जुन्या पायमोज्यात घालून तोटीला बांधला, त्यामुळे तो दिवसभर टिकला.

रविवारी पहाटे साडेचारला पहिला टँकर भरताना मी बोअरवर होते. द्रावण टँकर भरत असतानाच ओतायचं म्हणजे धारेने आपोआप मिसळतं, आणि मैदानात पोचेपर्यंत अर्धा तास होतो. सहा वाजता चारही टाक्यांच्या तोट्यांशी ०.८ आलं. वहीत वेळ, टाकीचा नंबर, आकडा, माझी सही. नऊला ०.६. अकराला ०.५. टाळ-मृदंगाच्या गजरात दिंडी आत आली आणि रांगा लांबल्या. मला वाटलं आता दिवस सरळ जाईल.

एक वाजता तीन नंबरच्या तोटीशी रंग आला नाही. पुन्हा थेंब टाकले, तरी नाही. शेजारच्या दोन आणि चार नंबरला ०.४ होतं. तोटीवरच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘ताई, मघाशी एक टँकर आला ना, तो ह्याच्यात ओतला.’ आमचा तो टँकर नव्हता. कोणीतरी सद्भावनेने पाठवला होता. ड्रायव्हर गेटवर म्हणाला, ‘भिया, सेवा का पानी है,’ आणि आमच्या मुलांनी पाइप जोडून दिला. पाणी कुठलं, ते ड्रायव्हरलाही नीट सांगता आलं नाही. साधारण चाळीस मिनिटं लोक ते पाणी पीत होते.

मी तोट्या बंद केल्या. आधी एक एच-टू-एस कुपी भरून बाजूला ठेवली, मग टाकीत ६०० मिलीलिटर द्रावण ओतून काठीने ढवळलं. आता अर्धा तास थांबायचं होतं. हे सोपं वाटतं, पण चार तोट्या बंद होताच तिथली सगळी माणसं दोन आणि चार नंबरकडे सरकली आणि ती गर्दी दर्शनाच्या बाहेर पडायच्या वाटेवर आली. पाच मिनिटांत तिथे खांद्याला खांदा लागला. एका आजींचा पाय खडीवर मुरगळला. बंदोबस्ताच्या हवालदारांनी बाहेरची वाट शाळेच्या फाटकातून वळवली, तेव्हा मोकळं झालं. टाकी बंद करायची वेळ येऊ शकते, हे मी आखणीत धरलंच नव्हतं. पाण्याच्या जागा दोन ठिकाणी, दर्शनाच्या वाटेपासून लांब ठेवायला हव्या होत्या. दीड वाजून दहा मिनिटांनी टाकी तीनवर ०.५ आलं आणि तोट्या उघडल्या.

दुसरी वही औषधाच्या टेबलावर होती. तिच्यात फक्त डॉक्टरांकडे गेलेले नव्हे, तर ओआरएसचं पाकीट मागायला आलेलेही लिहायचे होते: वेळ, वय, कुठून आले, काय होतंय, कधीपासून, काय खाल्लं, कोणत्या नंबरच्या टाकीचं पाणी प्यायलात, मोबाइल. दुपारपर्यंत बहुतेक गुडघे आणि चक्कर. चार ते पावणेपाचच्या दरम्यान सात जण उलट्या घेऊन आले. माझे हातपाय गार पडले. डोळ्यांसमोर तीन नंबरची टाकी होती. आजी सांगायची, त्यांच्या वेळी पंढरपूरला जायचं तर दंडात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, सुई टोचून घ्यावी लागायची. लहानपणी ऐकलेली ती गोष्ट तेव्हा आठवत होती.

काकांनी वही माझ्या हातातून घेतली आणि शांतपणे टाकीच्या रकान्यावरून बोट फिरवलं. एक, चार, दोन, चार, तीन, एक, दोन. ‘एका टाकीचं नाही. आता खाण्याचा रकाना वाच.’ सातही जणांनी बारा ते दीडच्या दरम्यान एकाच मांडवातली वरीची भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली होती. काका म्हणाले, पाण्यातल्या जंतूंना पोटात वाढायला वेळ लागतो. बहुतेक वेळा एक-दोन दिवस लागतात. पटकीही काही तासांत येऊ शकते, पण तिच्यात जुलाब मुख्य असतात. खाल्ल्यापासून तीन-चार तासांत आधी उलट्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय घ्यायचा. मग त्यांनी मला त्या सातांबरोबर आलेल्या माणसांकडे पाठवलं. अकरा जण भेटले ज्यांनी त्या मांडवात काही खाल्लं नव्हतं, पाणी मात्र प्यायलं होतं. एकालाही त्रास नव्हता. ही विचारपूस वीस मिनिटांत झाली. आजारी माणसांनी काय केलं एवढंच विचारून भागत नाही, बरे असलेल्यांनी काय केलं नाही तेही विचारावं लागतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

मांडववाल्या दादांकडे गेलो. भगर पहाटे पाचला शिजवली होती आणि मोठ्या पातेल्यात झाकून तशीच ठेवली होती. एवढ्या पातेल्याचा मधला भाग दुपारपर्यंत कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. ते दादा रडकुंडीला आले, त्यांनी लगेच वाढणं थांबवलं. आमची चूक पुढे झाली. नमुना बाजूला काढण्याआधीच मदतीला आलेल्या मुलांनी पातेली उलटी करून धुतली. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना द्यायला काही उरलं नाही, म्हणून कारण खात्रीने सांगता आलं नाही. प्रत्येक पदार्थाची एक वाटी स्वच्छ झाकणाच्या डब्यात, बर्फावर, वाढायला सुरुवात करतानाच काढून ठेवायला हवी. डॉक्टरांनी सातही जणांना पाहिलं. दोघांना सलाइन लावावी लागली, तर एका मुलीला १०८ ने रुग्णालयात हलवलं. ती सोमवारी दुपारी घरी गेली.

संध्याकाळी सातला एएनएम ताईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी आमची वही पाहून त्यांच्या एस फॉर्मची नोंद भरली. आयडीएसपी या साथींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाच्या साखळीत संशयित आजारांची पहिली नोंद याच फॉर्मवर होते आणि मग ती आयएचआयपी या ऑनलाइन नोंदणीत वर जाते. आमच्या साध्या शंभर पानी वहीला त्यामुळे पुढे वाट मिळाली. नंबर आधी घेतला नसता तर रविवारी संध्याकाळी कोणाला शोधलं असतं?

तरीही भगरीने टाकी तीनला निर्दोष ठरवलं नव्हतं. पाण्याचा आजार असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणार होता. म्हणून सोमवारपासून वहीतल्या सगळ्या नंबरांना रोज फोन करायचे ठरवलं. एकूण ९४ नंबर होते, आम्ही तिघींनी वाटून घेतले. पण यात मोठी उणीव होती. वहीत फक्त टेबलापर्यंत आलेली माणसं होती. त्या चाळीस मिनिटांत तीन नंबरच्या तोटीवर ओंजळ धरून पुढे गेलेल्या शेकडो लोकांचा आमच्याकडे काहीच पत्ता नव्हता. त्यासाठी मंदिराच्या फळ्यावर आणि वस्तीतल्या दवाखान्यांत चिठ्ठी लावली: यात्रेला आला असाल आणि जुलाब झाले तर या नंबरवर कळवा.

मंगळवारी सकाळी देवघराशेजारच्या फळीवरची कुपी पाहिली. रविवारी टाकी तीनमधून क्लोरीन घालण्याआधी भरलेली. ती काळी पडली होती.

मी ती हातात घेऊन काकांकडे गेले. त्यांनी तारीख, वेळ आणि टाकीचा नंबर वहीत लिहायला लावलं आणि ताईंना फोन लावला. त्या दिवशी दुपारी त्या स्वतः आल्या, कुपी पाहिली, ओआरएस आणि झिंकची पाकिटं ठेवून गेल्या. बुधवारी दोन फोन आले, दोन वेगवेगळ्या घरांतून, दोघांनाही मंगळवार रात्रीपासून जुलाब. एकाला तीन नंबर आठवत होता, दुसऱ्याला तोटी आठवत नव्हती. दोघांचे शौचाचे नमुने ताईंनी घेऊन पाठवले. गुरुवारी नवीन कोणी नाही. शुक्रवारी, ११ जुलैला, नाही. त्या संध्याकाळी वहीत शेवटची ओळ लिहिली: दोन रुग्ण, दोघेही बरे, नमुन्यांचा निकाल बाकी.

पुढच्या वर्षीच्या यादीत पहिलं नाव गेटवरच्या माणसाचं आहे. त्याच्याकडे टँकरांचे नंबर आणि ओटीची बाटली असेल, आणि आमच्या यादीत नसलेल्या कोणत्याही टँकरचा पाइप तो रंग पाहिल्याशिवाय जोडू देणार नाही.